आत्याच्या वाढदिवसाला काय लिहू?

«माझी आत्या पुढच्या आठवड्यात 67 वर्षांची होईल. फुप्फुसाचा कर्करोग पसरलाय, उपचार थांबवलेत, ती घरीच आहे, ऑक्सिजनवर. बराच वेळ झोपेत जातो, पण जागी असते तेव्हा अगदी पूर्वीचीच असते. तिला सगळं माहीत आहे. मी दहा वर्षांची असताना वर्षभर तिच्याकडे राहिले. माझी गणितं ती लाल पेन्सिलीने तपासायची आणि उत्तर बरोबर आलं तरी ‘पायऱ्या कुठायत?’ म्हणायची. आजही मी प्रवासाला निघाले की ‘पोचलीस का?’ असा तिचा मेसेज येतो. आतेबहीण म्हणाली, काहीतरी लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवीन. लिहिते आणि फाडते. ‘लवकर बरी हो’ लिहवत नाही, ‘शतायुषी हो’ तर नाहीच. शनिवारी मला जाताही येईल. काय लिहू, आणि गेले तर काय करू?»
— एक भाची

तुमचा हात नेमका कुठे अडला ते तुम्हीच सांगितलंय. वाढदिवसाला आपल्या तोंडात जी वाक्यं तयार असतात ती जवळजवळ सगळी आयुष्य मागणारी असतात. उदंड आयुष्य, निरोगी आयुष्य, शंभर शरद. एरवी ती कुणी शब्दशः घेत नाही, पण आत्या आता प्रत्येक शब्द शब्दशः घेईल, आणि लिहिणारी म्हणून तुम्हीही घेताय. तेव्हा ती वाक्यं बाजूला ठेवली की बिघडलं काहीच नाही. नुसतं ‘आत्या, आज तुझा वाढदिवस!’ इतकं लिहिलं तरी शुभेच्छा पोचते. त्या एका ओळीत खोटं काही नाही आणि मागणंही काही नाही.

‘मागणं’ हा शब्द मुद्दाम वापरला. इतक्या आजारी माणसाला लिहिताना प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: हे वाक्य तिच्याकडे काय मागतंय? कारण अशा अवस्थेत ताकद मोजूनमापून खर्च होते. श्वास लागतो, बोलायला दम लागतो, जागं राहायलाही जोर लागतो. अशा वेळी आलेली शुभेच्छा तिला काहीतरी करायला लावत असेल (धीर धर, लढ, हस, आम्हाला सोडून जाऊ नकोस), तर ती भेट न राहता काम होऊन बसते.

बहुतेक घरांतून असा मजकूर जातो, आणि तुम्ही फाडलेल्या कागदांवरही याच्यासारखंच काही असावं:

«प्रिय आत्या, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तू खरी लढवय्यी आहेस. किती प्रेमाने तू माझी गणितं तपासायचीस, किती काळजी घ्यायचीस! तुझ्याशिवाय आम्ही आयुष्याची कल्पनाच करू शकत नाही. अजिबात खचू नकोस, सगळं ठीक होईल. देव तुला उदंड आयुष्य देवो.»

यातलं प्रेम खरं आहे, पण वाक्यं बघा. ‘लढवय्यी’ म्हटलं की आजार ही कुस्ती ठरते. उपचार थांबवण्याचा निर्णय तिने विचार करून घेतला असेल, तर या एका शब्दाने तो माघार घेतल्यासारखा दिसतो. ‘खचू नकोस’ म्हटलं की एखाद्या दिवशी रडू आलं तर तेही लपवावं लागतं. ‘सगळं ठीक होईल’ हे तिला माहीत असलेल्या गोष्टीच्या विरुद्ध आहे. ते ऐकल्यावर तिच्यापुढे दोनच वाटा राहतात, तुम्हाला खोडून काढायचं किंवा हसून मान हलवायची. माणसं बहुधा मान हलवतात आणि तिथून पुढे खरं बोलणं बंद होतं.

‘तुझ्याशिवाय कल्पनाच करू शकत नाही’ हे वाक्य सगळ्यांत गोड दिसतं आणि सगळ्यांत जड पडतं. तुमच्या पुढच्या दुःखाची जबाबदारी त्यात तिच्या उशाशी आणून ठेवली जाते. आयुष्यभर ‘पोचलीस का?’ विचारणारी बाई ती. माझ्यामागे हिचं कसं होणार, ही काळजी तिला आधीच असणार. त्यात भर कशाला?

उरलं ‘तपासायचीस, घ्यायचीस’. ही खोड पटकन लक्षात येत नाही. आठवणी लिहायला बसलं की क्रियापदं आपोआप ‘करायचीस, म्हणायचीस, द्यायचीस’ अशी होत जातात. एखादं असेल तर ठीक, पण ओळीने चार आली की मजकूर श्रद्धांजलीसारखा वाजायला लागतो, आणि तो ऐकणारी तर समोर जिवंत आहे. यावर उपाय सोपा आहे. आठवण तीच ठेवायची, पण तिचं आजचं टोक पकडायचं. ‘तू पायऱ्या लिहायला लावायचीस’ याऐवजी ‘पायऱ्या लिहायची सवय तू लावलीस, ती अजून सुटलेली नाही’. पहिल्या वाक्यात जे होतं ते संपलं; दुसऱ्यात ते आज, तुमच्या हातात, चालू आहे. लिहून झाल्यावर कागदावरच्या प्रत्येक ‘यचीस’खाली रेघ ओढा. एकाहून जास्त रेघा दिसल्या तर वाक्यं पुन्हा बांधा.

तुमच्याकडे यासाठी लागणारा माल पत्रातच आहे. लाल पेन्सिल आहे, ‘पायऱ्या कुठायत’ आहे आणि ‘पोचलीस का’ आहे. तिन्ही घालायचा मोह होईल; पण एकच घ्या. तिन्ही घातल्या की यादी होते, आणि यादी ऐकताना झोपाळलेलं माणूस दुसऱ्या गोष्टीपाशी सुटतं. एकच गोष्ट जवळून दाखवली तर ती डोळे मिटूनही दिसते. मी पायऱ्या घेईन. ‘पोचलीस का’ चांगलं आहे, पण ते सध्या जपून वापरायचं, कारण ‘पोचणं’, ‘निघणं’, ‘प्रवास’ या शब्दांना अशा खोलीत नको तो दुसरा अर्थ चिकटतो. शिवाय तो मेसेज ती अजून पाठवतेय. जे चालू आहे त्याची आठवण काढायची गरज नाही; शनिवारी पोचलात की तिने विचारायच्या आधी सांगा, ‘पोचले गं’.

मग मजकूर साधारण असा होतो:

«आत्या, आज तुझा वाढदिवस!
परवा ऑफिसात एका मुलीने नुसता हिशेबाचा आकडा आणून दिला. माझ्या तोंडून निघालं, ‘पायऱ्या कुठायत?’ ती हिरमुसली आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्यांसकट घेऊन आली. तिला कुठे माहीत, तिचा कागद तुझ्या लाल पेन्सिलीने तपासला गेला ते.
माझा तुझ्यावर फार जीव आहे. तुला ठाऊक आहेच, तरी आज लिहून टाकते.
शनिवारी सकाळी येतेय. तुझ्याजवळ नुसती बसणार आहे. तू झोपलीस तरी चालेल, मी शब्दकोडं आणीन. याला उत्तर पाठवू नकोस.
तुझी —»

ऑफिसातला प्रसंग अर्थातच तुमचा, खरा घाला. गेल्या काही दिवसांत तिची कुठली सवय तुमच्या हातून घडली, ते आठवा. खरा प्रसंग सापडला नाही तर रचू नका, साधं ‘अजून मी गणिताच्या पायऱ्या सोडत नाही’ पुरतं.

मोजलंत तर हा मजकूर 70 शब्दांच्या आसपास आहे. सावकाश, थांबत थांबत वाचला तरी मिनिटभरात होतो, आणि तेवढंच हवं. झोपेच्या अधेमधे जागं असणारं माणूस एका मिनिटाचा मजकूर सलग ऐकू शकतं. तीन मिनिटांच्या मजकुरात मधला भाग हरवतो आणि ‘काय म्हणाली ती?’ असं विचारायचेही श्रम पडतात. तुम्हाला पुष्कळ सांगायचं असेल तर एका कागदावर कोंबू नका. दुसरं दोन दिवसांनी पाठवा, तिसरं आणखी दोन दिवसांनी. वाढदिवस एका दिवसाचा असतो, असा काही नियम नाही.

‘फार जीव आहे’ ही ओळ मुद्दाम अशी लिहिलीय. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे आपल्या घरांत आत्याला कुणी म्हणत नाही. वाचून दाखवताना आतेबहीणही तिथे अडखळेल. तुमच्या घरात जे म्हणत असतील ते लिहा: ‘तू मला फार हवीशी आहेस’, ‘तुझी फार माया लागलीय’. पण ही ओळ गाळू नका. माणसं आठवणींमध्ये प्रेम गुंडाळून ठेवतात आणि ते ओळखायचं काम समोरच्यावर सोडतात. एरवी ते चालतं. पण थकलेल्या माणसाकडून तेवढीही उकल मागू नये.

‘उत्तर पाठवू नकोस’ ही शेवटची ओळ सगळ्यांत उपयोगाची आहे. आत्याच्या पिढीला आलेल्या शुभेच्छेला उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही. वाढदिवसाच्या दिवशी फोनवर असे तीसचाळीस निरोप साचले की ती त्यांची यादी डोक्यात घेऊन पडून राहते. तुम्ही तिला आधीच मोकळं करताय.

आजाराचा उल्लेख यात एकदाही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यात लपवाछपवी नाही. त्या खोलीत आजार दिवसभर बोलतच असतो: ऑक्सिजनच्या नळीतून, गोळ्यांच्या डबीतून, दर भेटणाऱ्याच्या ‘आता कसं वाटतंय’मधून. एक कागद असा असावा जो त्याबद्दल बोलत नाही. तरी पूर्ण गाळणं तुम्हाला खोटं वाटत असेल तर अर्धं वाक्य पुरतं, ‘हे दिवस कठीण आहेत, ठाऊक आहे मला’, आणि ते मजकुराच्या मध्यावर घालायचं. सुरुवातीला आलं तर पुढचं सगळं त्याच्या सावलीत वाचलं जातं आणि शेवटी आलं तर तेच लक्षात राहतं.

(इतर वाचकांसाठी एक सांगायला हवं. तुमच्या घरात रुग्णाला आजाराची पूर्ण कल्पना दिलेली नसेल, तर लिहिण्याआधी काळजी घेणाऱ्या माणसाला विचारा की त्याला काय माहीत आहे आणि घरात त्या दुखण्याला काय म्हणतात. कार्डावरच्या एका शब्दाने नको ते कळून जातं. असा आजाराबाहेरचा मजकूर तिथेही सुरक्षित असतो.)

आता कागद. उघडमिट करायची घडीची कार्डं टाळा. पडून असलेल्या माणसाला ती एका हाताने उघडी धरता येत नाहीत. एकच सपाट जाड कागद घ्या, ए-फोरच्या अर्ध्या आकाराचा. चकचकीत नको, कारण उशापासच्या दिव्याचा झोत नेमका त्यावर पडतो आणि अक्षरं दिसेनाशी होतात. काळी किंवा गडद निळी शाई, ओळींमध्ये भरपूर जागा. टाइप करणार असाल तर अक्षर 18 पॉइंटपेक्षा लहान नको. हाताने लिहिलंत तर जास्त चांगलं, कारण तुमचं अक्षर तिने एक वर्ष रोज तपासलंय. ते तिला मजकुराआधी ओळखू येईल. सही मोठी करा. लाल पेन्सिलीने कोपऱ्यात बरोबरची एक खूण केलीत तर मला आवडेल, पण संपूर्ण मजकूर लाल करू नका, मंद उजेडात लाल अक्षर वाचवत नाही.

कागद वेळेवर पोचेल की नाही याची खात्री नसेल तर त्याचा फोटो आतेबहिणीला आजच पाठवून ठेवा आणि सोबत तोच मजकूर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. रेकॉर्ड करताना खिडकी-पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि नेहमीपेक्षा हळू. पहिल्या वाक्यात नाव सांगा: ‘आत्या, मी बोलतेय’, पुढे तुमचं घरातलं नाव. गुंगीत असलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून ओळख पटायला वेळ लागतो, तोवर अर्धा निरोप संपतो. बोलताना गळा दाटला तर पुसून नव्याने करायची गरज नाही, पण हुंदका मोठा असेल तर पुन्हा करा. तुम्हाला रडताना ऐकलं की तुमची समजूत काढायला ती लगेच उठून बसू बघेल. व्हिडिओ पाठवायला हरकत नाही. व्हिडिओ कॉल मात्र न विचारता लावू नका: त्यात तिला तुमच्याआधी स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसतो, आणि तो आज कसा दिसतोय हे तिला बघायचं असेलच असं नाही.

तारखेबद्दल थोडं कठोर बोलते. वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे आणि आत्या बराच वेळ झोपतेय. झोप वाढत जाणं हे या अवस्थेत अपेक्षितच असतं, आणि ती किती वेगाने वाढेल हे कुणी नक्की सांगू शकत नाही. म्हणून मजकूर तारखेसाठी राखून ठेवू नका. आतेबहिणीला सांगा, ‘वाढदिवसाच्या आधी एखादा चांगला तास मिळाला तर तेव्हाच वाच, त्या दिवशी पुन्हा वाचलंस तरी चालेल.’ एकच शुभेच्छा दोनदा ऐकायला कुणाची ना नसते.

हा चांगला तास कधी येतो ते विचारून घ्या. काळजी घेणाऱ्याला तो बहुधा नेमका ठाऊक असतो. पुष्कळांचा तो सकाळी अंग पुसून झाल्यावर थोडी विश्रांती झाली की येतो. अंग पुसल्याबरोबर नाही, कारण त्यातच दम गेलेला असतो. संध्याकाळनंतर काहींना गोंधळल्यासारखं होतं, वेळ-काळ उलटसुलट होतो. ती वेळ नको. दुखण्यासाठी किंवा धाप कमी व्हायला तोंडाने घ्यायचं, लवकर लागू पडणारं मॉर्फिन असेल तर त्याचा परिणाम साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि तासाभराच्या सुमारास जोरावर असतो. डोस नुकताच दिलाय आणि दुखणं अजून उतरलेलं नाही, अशा वेळी गेलात तर ती तुमच्यासाठी दात-ओठ आवळून बसेल. काहींना डोसनंतर झोप येते, काहींना उलट बरं वाटून बोलावंसं वाटतं. तिचं काय होतं ते आतेबहिणीला विचारा आणि तुमची वेळ त्याभोवती बसवा. औषधाची वेळ तुमच्यासाठी हलवायची नाही.

शनिवारी गेलात की दारात उभं राहून बोलू नका. समोरून या, नाव सांगा, खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पलंगावर बसायचं तर विचारून, कारण गादी हलली तरी दुखू शकतं. तुमचा तळहात वर करून तिच्या हाताखाली सरकवा. वरून घट्ट धरलेला हात तिला सोडवून घेता येत नाही. खाली ठेवलेल्या हातावरून ती आपला हात हवा तेव्हा उचलू शकते. सलाइनमुळे हाताची पाठ दुखरी झालेली असू शकते, म्हणूनही हे बरं.

धाप लागणाऱ्या माणसाशी बोलताना तिला वाक्यं करायला लावू नका. ‘काय म्हणतेस, कशी आहेस?’ याला उत्तर द्यायला दहा शब्द लागतात आणि त्यातला प्रत्येक शब्द श्वास खातो. ‘खिडकी उघडू का?’ याला मान हलवली की झालं. छोट्या पंख्याची हलकी झुळूक चेहऱ्यावर आली तर धाप लागल्याची जाणीव कमी होते. खोलीत गर्दी नको. एका वेळी दोन माणसं पुष्कळ झाली. अत्तर किंवा सेंट लावून जाऊ नका, वासाने मळमळतं आणि खोकला येतो.

मेणबत्ती त्या खोलीत लावायचीच नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याने आग भडकते. तो उशीत, पांघरुणात, केसांत मुरलेला असतो, आणि मशीन बंद केल्याबरोबर तिथून निघून जात नाही. ‘पाच मिनिटं नळी काढूया, फोटोपुरतं’ हा वाढदिवसाच्या दिवशी हमखास निघणारा प्रस्ताव आहे. दोन्ही कारणांनी तो मोडून काढा, आगीच्या आणि तिच्या धापेच्या. केकचा तुकडा तोंडात भरवायचा असेल तर आधी विचारा की गिळताना ठसका लागतो का. लागत असेल किंवा ती अर्धवट झोपेत असेल तर भरवू नका. फोटोही तिला विचारून काढा, आणि ग्रुपवर टाकायचा तर ते वेगळं विचारा.

पंधरा-वीस मिनिटांनी तिच्याकडे नीट बघा. पापण्या जड होतायत, उत्तरं ‘हं’वर आलीत, दोन श्वासांच्या मध्ये खांदे उचलले जातायत, म्हणजे बोलणं संपवायची वेळ झाली. पण निघायची झालीच असं नाही. ‘तू झोप, मी इथेच आहे’ म्हणा आणि शब्दकोडं काढा. कार्डात तेच कबूल केलंय तुम्ही, आणि ते करायला तुमच्याकडे काहीतरी हवंच. रिकाम्या हाताने बसलेलं माणूस आजाऱ्याकडे टक लावून बघत राहतं, आणि ते तिला डोळे मिटूनही कळतं. खरोखर कोडं सोडवा. अडलात तर अर्ध्या आवाजात म्हणा, ‘चार अक्षरी, शेवटी र’. कदाचित उत्तर येईल. नाही आलं तरी तुम्ही तिथे आहात हे पोचलं. निघताना जागी असेल तर निरोप घ्या. झोपली असेल तर उठवू नका. मोठ्या अक्षरात ‘गेले नाही, जेवायला गेलेय, तीनला येते’ अशी चिठ्ठी समोर दिसेल अशी ठेवा आणि तीनलाच या.

ती कदाचित एकदम म्हणेल, ‘पुढच्या वाढदिवसाला काही मी नसेन गं.’ लगेच ‘असं बोलू नये’ म्हणून तिचं तोंड बंद करू नका. ‘हं’ म्हणा, हात तिथेच ठेवा, दहा सेकंद थांबा. मग विचारायचं असलं तर इतकंच: ‘त्याबद्दल बोलायचंय का?’ हो म्हणाली तर ऐका, सल्ला देऊ नका. नाही म्हणाली तर पुन्हा कोड्याकडे वळा. तिला वाक्य बोलून टाकायचं असतं. दर वेळी त्यावर चर्चा हवी असते असं नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण सावरायला बाहेर जायची वेळ आली तर जाताना कारण सांगा, नुसत्या उठून जाऊ नका.

आणि तुम्ही गेलात त्या वेळी, किंवा वाढदिवसाच्या दिवशीच, ती उठलीच नाही तर? तरीही वाचा. कानाजवळ, नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नव्हे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या होत्या. प्रतिसाद देणं थांबलेल्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजातले बदल निरोगी माणसाच्या मेंदूसारखाच टिपत होता. त्यांना शब्दांचा अर्थ कळत होता की नाही, हे त्या मोजणीतून ठरत नाही. पण परिचित आवाजात वाचून बघायला एवढं कारण भरपूर आहे. त्याच कारणासाठी, ती झोपलीय असं समजून खोलीत तिच्या प्रकृतीची चर्चाही करायची नाही.

राहिली आतेबहीण. सगळा दिवस तिच्या हातात आहे आणि तिला कुणी काही लिहिणार नाही. तुमचं स्वतःचं जे दाटून आलंय ते तिच्याकडे मोकळं करू नका. मानसतज्ज्ञ सुझन सिल्क यांनी 2013 साली मांडलेला एक साधा नियम इथे कामाचा आहे. आजारी माणूस मध्यभागी धरा, त्याच्याभोवती जवळच्यांची वर्तुळं. आतल्या दिशेने फक्त आधार जायचा, तक्रार-रडणं बाहेरच्या दिशेने. आतेबहीण तुमच्यापेक्षा आतल्या वर्तुळात आहे, तेव्हा तुमचं रडणं मैत्रिणीकडे किंवा नवऱ्याकडे. तिला ‘काही लागलं तर सांग’ असंही लिहू नका, ते काय लागेल हे शोधायचं काम पुन्हा तिच्यावरच येतं. असं लिहा:

«शनिवारी 10 ते 1 मी आत्याजवळ बसतेय, तू झोप किंवा बाहेर जाऊन ये. त्याआधी तीनच गोष्टी सांग: तिचा चांगला वेळ कुठला, डोस किती वाजता, आणि ठसका लागतो का. वाढदिवसाचे सगळ्यांचे मेसेज तू एकटी वाचत बसू नकोस, मला पुढे पाठव. मी त्यातले पाच छोटे निवडून मोठ्या अक्षरात लिहून आणते. बाकीच्यांना ‘पोचलं’ असं मी कळवते.»

हा निरोप आत्याच्या कार्डाआधी पाठवा. तिची तीन उत्तरं आली की मगच शनिवारची वेळ पक्की करा.